दुभाष्यामार्फत घेतलेली संमती: नोंद कशी लिहावी

ब्रिटनच्या एनएचएसमध्ये नव्याने रुजू झालेल्या आपल्याकडच्या डॉक्टरांच्या नोट्स मी गेली काही वर्षं तपासते आहे. शस्त्रक्रियेच्या संमतीची नोंद बहुतेक वेळा नीट असते. पेशंटला इंग्रजी येत नसेल, तर मात्र त्या नोंदीत हटकून एकच ओळ दिसते: ‘दुभाष्यामार्फत संमती घेतली, धोके समजावले, पेशंटला समजले.’

ही ओळ मीही लिहिली आहे. एका जुन्या रुग्णालयात असताना एका बाईंनी शस्त्रक्रियेनंतर दीड वर्षाने तक्रार केली की पोट उघडावं लागू शकतं हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. मी सांगितलं होतं, हे मला आठवत होतं. पण दुभाषी कोण होता, तो समोर होता की फोनवर, बोलणं कोणत्या भाषेत झालं आणि बाईंनी उत्तरादाखल काय म्हटलं, यातलं काहीच कागदावर नव्हतं. माझ्या आठवणीला आधार देईल असा एक शब्दही त्या ओळीत सापडला नाही.

म्हणून हा लेख. उदाहरण एकच घेते, पित्ताशय काढण्याच्या दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेचं. क्लिनिकमध्ये येणारी पेशंट साधारण साठीची, बांगलादेशातल्या सिल्हेट भागातली, शाळेत न गेलेली, आणि सोबत तिचा मुलगा. इंग्लंडमध्ये काम करणाऱ्यांसाठी लिहिते आहे; स्कॉटलंडमध्ये कायदा थोडा वेगळा आहे, पण नोंदीची पद्धत तीच ठेवलीत तरी चालेल.

## 1. आधी भाषा नक्की करा

ही पायरी अपॉइंटमेंटच्या किमान काही दिवस आधीची आहे, खोलीत बसल्यावरची नव्हे.

रेफरल पत्रात ‘बंगाली’ लिहिलेलं असतं आणि बुकिंग करणारा कर्मचारी बंगाली दुभाषी मागवतो. ब्रिटनमधली बहुसंख्य बांगलादेशी कुटुंबं सिल्हेटची आहेत आणि घरात सिल्हेटी बोलतात. प्रमाण बंगाली त्यांना थोडीफार कळते, विशेषतः टीव्ही पाहणाऱ्यांना. पण थोडीफार कळणं आणि पित्तनलिकेला इजा होण्याचा धोका समजणं यांत मोठं अंतर आहे. पाकिस्तानी पेशंटांच्या बाबतीत हेच ‘उर्दू’ या शब्दाने होतं. आझाद काश्मीरच्या मीरपूर भागातून आलेल्या वयस्कर बाया मीरपुरी बोलतात. आपल्याकडे अहिराणी बोलणाऱ्या आजीला पुण्याच्या मराठीत शस्त्रक्रिया समजावली तर ती मान डोलावत राहते. तिला डॉक्टरांचा मान राखायचा असतो. इथेही तसंच घडतं.

म्हणून बुकिंगच्या वेळी पेशंटला किंवा घरच्यांना एक साधा प्रश्न विचारायला सांगा: ‘घरात कोणत्या भाषेत बोलता आणि मूळ गाव कोणतं?’ गावावरून भाषेचा अंदाज येतो, आणि अनुभवी एजन्सी तो प्रश्न स्वतःच विचारते. सोबत आणखी एक विचारून घ्या, वाचता येतं का आणि कोणती लिपी. सिल्हेटी बोलणाऱ्या अनेकांना वाचायला प्रमाण बंगालीच शिकवलेली असते. जी बाई शाळेत गेलीच नाही, तिला बंगाली पत्रक देऊन ‘लेखी माहिती दिली’ असं लिहिण्यात अर्थ नाही.

सावधान: ‘मला हिंदी येते.’ आपल्या मराठी डॉक्टरांची सर्वांत मोठी चूक इथे होते. पेशंट पंजाबी, गुजराती किंवा उर्दू बोलणारी असली की आपण हिंदीत सुरुवात करतो, गप्पा जमतात, आणि दुभाष्याची अपॉइंटमेंट रद्द करून टाकतो. विचारपूस करायला, दुखतं कुठे ते कळायला ही हिंदी कामाला येते. पण ‘भूल’, ‘नळी’, ‘गळती’, ‘संसर्ग’ हे शब्द आले की आपण नकळत संस्कृतप्रचुर मराठीकडे झुकतो आणि समोरची व्यक्ती तिच्या बोलीकडे. तुमच्या भाषेची कुणी परीक्षा घेतलेली नसते. अनेक ट्रस्टच्या धोरणात संमतीसाठी कर्मचाऱ्याने स्वतःची भाषा वापरण्यावर मर्यादा असते, ते धोरण वाचून घ्या. गप्पा हिंदीत मारा, संमती दुभाष्यामार्फत घ्या.

## 2. वेळ दुप्पट धरा

प्रत्येक वाक्य दोनदा बोललं जातं, म्हणून एरवी 20 मिनिटांत होणाऱ्या चर्चेला 40 मिनिटं धरा. नेहमीच्याच वेळेत बसवायचा प्रयत्न केलात तर कात्री लागते ती पेशंटच्या प्रश्नांना, आणि नोंदीत सर्वांत जास्त वजन त्यांनाच असतं.

शस्त्रक्रियेच्या चर्चेला शक्यतो समोर बसणारा दुभाषी मागवा. फोनवरचा दुभाषी चालतो, पण त्याला तुम्ही काढलेलं चित्र दिसत नाही आणि पेशंटच्या चेहऱ्यावरचा गोंधळही दिसत नाही. व्हिडिओ हा मधला मार्ग. जो प्रकार वापराल तो नोंदीत यायला हवा, कारण ‘चित्र काढून दाखवलं’ आणि ‘दुभाषी फोनवर होता’ ही दोन वाक्यं एकत्र आली की वाचणारा लगेच विचारतो, मग दुभाष्याने ते चित्र समजावलं कसं?

## 3. पेशंट आत येण्यापूर्वी दुभाष्याशी तीन मिनिटं

दुभाष्याला थेट खोलीत बसवून सुरुवात करू नका. तीन गोष्टी सांगा. आज कोणत्या शस्त्रक्रियेबद्दल बोलायचं आहे. मी जेवढं बोलेन आणि पेशंट जेवढं बोलेल तेवढं सगळं सांगा, आपलं काही घालू नका, काही गाळू नका. आणि एखादा शब्द तुमच्या भाषेत नसेल तर मला थांबवा. मग अवघड शब्द आधीच वाचून दाखवा. आपल्या उदाहरणात ते पित्ताशय, पित्तनलिका, गळती आणि ‘दुर्बिणीऐवजी पोट उघडणे’ हे आहेत. सिल्हेटीत पित्ताशयाला रोजच्या वापरातला शब्द कोणता, हे दुभाष्यालाच विचारा.

याच वेळी नोंदीचा वरचा भाग भरून टाका: तारीख, सुरू झाल्याची वेळ, भाषा आणि बोली, समोरासमोर की फोन की व्हिडिओ, एजन्सीचं नाव, दुभाष्याचं नाव आणि ओळखपत्राचा क्रमांक. फोनवरचे दुभाषी बरेचदा पहिल्याच वाक्यात आपला क्रमांक सांगतात, आणि आपण तेव्हा पेशंटचा खांदा धरून तिला खुर्चीत बसवत असतो. क्रमांक निसटतो. संभाषण संपल्यावर फोन कट झालेला असतो. मग एजन्सीला तास तास फोन करत बसावं लागतं.

तपासा: पेशंट आणि दुभाषी एकमेकांना ओळखतात का? मोठ्या शहरातही एका बोलीचा समाज लहान असतो, आणि दुभाषी पेशंटच्या जावेचा शेजारी निघतो. दोघांनाही वेगवेगळं विचारा. पेशंटला संकोच वाटत असेल तर दुसरा दुभाषी मागवा. काही अडचण नसेल तर ‘पेशंटला हा दुभाषी मान्य आहे, आधीची ओळख नाही’ असं एक वाक्य लिहा. बाईला स्त्री दुभाषी हवी असेल तर ते बुकिंगच्या वेळीच विचारायचं असतं.

तपासा: सुरुवातीला पेशंटला साधं काहीतरी विचारा: आज कशा आलात, सकाळी काय खाल्लं. दोघांची भाषा जुळते का, हे पहिल्या मिनिटात कळतं. उत्तरं तुटक आली, दुभाषी एकच गोष्ट तीनदा सांगू लागला, किंवा पेशंट उत्तरासाठी मुलाकडे पाहू लागली, तर बोली चुकली आहे असं समजा आणि चर्चा तिथेच थांबवा.

## 4. चर्चा

पेशंटकडे पाहून बोला. ‘यांना सांगा की…’ असं दुभाष्याला म्हणू नका. एका वेळी एक-दोन वाक्यं. टक्केवारी टाळा, ‘शंभर बायकांची ही शस्त्रक्रिया केली तर त्यातल्या एक-दोघींना पित्त झिरपतं’ असं बोललं की आकडा भाषांतरात तुटत नाही. काय सांगायचं हा भाग एरवीच्या संमतीसारखाच आहे: शस्त्रक्रिया का, तिचा फायदा, गंभीर आणि वारंवार होणारे धोके, दुसरे पर्याय, आणि काहीच न केलं तर काय होईल. 2015 च्या माँटगोमरी खटल्यातल्या ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालापासून कसोटी ही आहे की या विशिष्ट पेशंटच्या दृष्टीने कोणता धोका महत्त्वाचा आहे. तो कोणता, हे तिला विचारल्याशिवाय कळणार नाही, आणि विचारायचं तर दुभाष्यामार्फतच.

आपल्या उदाहरणातल्या बाईंना विचारलं तेव्हा त्या म्हणाल्या, घरात तीन नातवंडं आहेत, त्यातल्या सर्वांत धाकट्याला मी उचलून घेते, सून नोकरीला जाते. म्हणजे त्यांच्या दृष्टीने पोट उघडावं लागणं ही नुसती व्रणाची गोष्ट नव्हती. अनेक आठवडे मूल उचलता येणार नाही, घरची घडी बदलावी लागेल, ही होती. हे वाक्य नोंदीत जसंच्या तसं यायला हवं, कारण धोका तुम्ही *तिच्या* आयुष्याला जोडून सांगितलात हे त्यातूनच दिसतं.

सावधान: पेशंट आणि दुभाषी बराच वेळ आपसात बोलले आणि मग तुम्हाला मिळालं फक्त ‘हो म्हणतात’, तर पुढे जाऊ नका. ‘त्या काय म्हणाल्या ते सगळं मला सांगा’ असं शांतपणे म्हणा. त्या दोन मिनिटांत बहुधा एखादा प्रश्न विचारला गेलेला असतो आणि दुभाष्याने चांगुलपणाने स्वतःच त्याचं उत्तर दिलेलं असतं.

## 5. उलट सांगायला लावा

संपूर्ण प्रक्रियेचा गाभा हा टप्पा आहे, आणि नोंदीत सर्वांत जास्त वेळा गळतो तोही हाच.

‘समजलं का?’ या प्रश्नाचं उत्तर ‘हो’ असंच येतं, कोणत्याही भाषेत. त्याऐवजी म्हणा: ‘मी नीट सांगितलं की नाही ते मला तपासायचं आहे. घरी गेल्यावर सुनेने विचारलं की डॉक्टर काय करणार, तर तुम्ही तिला काय सांगाल?’ जबाबदारी आपल्याकडे घेतली की पेशंटला परीक्षा दिल्यासारखं वाटत नाही.

आपल्या बाईंनी दुभाष्यामार्फत दिलेलं उत्तर असं: ‘चार छोटी भोकं पाडणार, त्यातून खडे काढणार, आणि पिशवी धुऊन परत ठेवणार.’

एवढा वेळ त्या मान डोलावत होत्या. दुभाष्याने शब्द चुकवलेला नव्हता. ‘पित्ताशय काढणार’ हे त्याने सांगितलं होतं. पण बाईंच्या गावात कुणाच्या तरी मूतखड्याचं ऑपरेशन झालं होतं, आणि त्यांच्या मनात चित्र होतं ते त्याचं. मी कागदावर यकृत आणि खाली लोंबणारी पिशवी काढली, आणि ती पूर्ण काढून टाकणार, परत ठेवणार नाही, असं पुन्हा सांगितलं. मग त्यांचा खरा प्रश्न आला: ‘मग पित्त कुठे जाणार? जेवण पचेल का?’ त्याचं उत्तर दिलं: पित्त यकृतात तयार होतं, पिशवी नसली तरी ते थेट आतड्यात येत राहतं, बहुतेकांना नेहमीचं जेवता येतं, काहींना सुरुवातीला जुलाब होतात. त्यानंतर पुन्हा सांगायला लावलं, आणि या वेळी उत्तर बरोबर आलं.

चुकलेलं पहिलं उत्तरही लिहा. अनेकांना वाटतं, पेशंटची चूक नोंदवली तर संमती कच्ची दिसेल. प्रत्यक्षात उलट होतं. गैरसमज सापडला, दुरुस्त केला आणि पुन्हा तपासला, हे ज्या नोंदीत दिसतं तिच्यावर तिऱ्हाईताचाही विश्वास बसतो.

2005 साली इंग्लंडच्या उच्च न्यायालयासमोर एका अरबी मातृभाषेच्या गर्भवतीचं प्रकरण आलं. गर्भजलाच्या तपासणीचा धोका डॉक्टरांनी 1 टक्का सांगितला होता. तिचा समज मात्र 75 टक्के धोक्याचा झाला होता आणि तिने तपासणी नाकारली. न्यायालयाचं म्हणणं थोडक्यात असं: पेशंटला समजलंच पाहिजे एवढं ओझं डॉक्टरवर टाकता येणार नाही, पण समजलं आहे याची खात्री करण्यासाठी वाजवी पावलं उचलणं हे त्याचं कर्तव्य आहे. ती वाजवी पावलं उचलली, हे दाखवायला आपल्याकडे कागदाखेरीज दुसरं काही नसतं. 2018 चा दुसरा निकाल तमिळ बोलणाऱ्या एका आईचा आहे. बाळाला दूध कसं पाजायचं आणि बाळ नीट पीत नसेल तर काय करायचं, हे तिला समजेल अशा रीतीने सांगितलं गेलं नाही. बाळाची साखर उतरून मेंदूला कायमची इजा झाली, आणि न्यायालयाने रुग्णालयाला जबाबदार धरलं.

## 6. नोंद लिहा, दुभाषी खोलीत असतानाच

दुभाषी उठून जाण्याआधी नोंदीतलं पेशंटचं म्हणणं त्याच्यामार्फत तिला वाचून दाखवा. दोन मिनिटं लागतात, आणि एखादा शब्द चुकला असेल तर तिथल्या तिथे सुधारता येतो.

लिहिताना तीन आवाज वेगळे ठेवा: मी काय सांगितलं, दुभाष्याने काय केलं, पेशंट काय म्हणाली. बहुतेक कच्च्या नोंदींत हे तिन्ही ‘समजावून सांगितले’ या एका क्रियापदात मिसळलेले असतात. खाली नमुना देते. प्रत्यक्षात तुम्ही तो इंग्रजीतच लिहाल. इथे मराठीत मांडला आहे. धोक्यांचे आकडे तुमच्या विभागाच्या पत्रकातले घाला.

> तारीख, वेळ: 14:05 ते 14:50.
>
> भाषा: सिल्हेटी. दुभाषी समोर उपस्थित. एजन्सी, नाव, ओळखपत्र क्रमांक. पेशंटला दुभाषी मान्य, आधीची ओळख नाही. सुरुवातीच्या संभाषणात दोघांना एकमेकांचं बोलणं नीट कळत असल्याचं दिसलं.
>
> उपस्थित: पेशंट, दुभाषी, मी, क्लिनिकमधली परिचारिका. मुलगा पहिली 30 मिनिटं उपस्थित. शेवटची 15 मिनिटं पेशंटशी एकटीने बोलले. मुलाने भाषांतर केलेलं नाही.
>
> मी सांगितलं: पित्तखड्यांमुळे वारंवार दुखतं, दुर्बिणीने पूर्ण पित्ताशय काढणे, रक्तस्राव, संसर्ग, पित्तगळती, पित्तनलिकेला इजा, पोट उघडावं लागणे, रक्ताची गुठळी, भुलीचे धोके, आकडे विभागाच्या पत्रकाप्रमाणे ‘शंभरात किती, हजारात किती’ अशा भाषेत. पर्याय: शस्त्रक्रिया न करणे आणि त्याचे परिणाम, कमी चरबीचा आहार. चित्र काढून दाखवलं, प्रत स्कॅन केली.
>
> पेशंट म्हणाली: ‘लहान नातवाला मी उचलते.’ पोट उघडावं लागलं तर अनेक आठवडे उचलता येणार नाही, हे सांगितलं. त्यावर म्हणाली: ‘सुनेला सुट्टी काढायला सांगेन.’
>
> उलट सांगायला लावलं: पहिल्यांदा ‘खडे काढून पिशवी परत ठेवणार’ असा समज. चित्राने दुरुस्त केलं. प्रश्न: पिशवीशिवाय पचन होईल का, उत्तर दिलं. दुसऱ्यांदा स्वतःच्या शब्दांत: ‘पूर्ण पिशवी काढणार, कधी पोट मोठं उघडावं लागतं, कधी पित्त झिरपतं आणि परत यावं लागतं.’
>
> निर्णय: शस्त्रक्रिया हवी आहे. एकटी असतानाही तेच सांगितलं. पेशंट वाचत नाही. लेखी पत्रक घरच्यांसाठी दिलं, मजकूर दुभाष्यामार्फत तोंडी सांगितला. मन बदललं तर कुठे फोन करायचा, ते सांगितलं.
>
> शस्त्रक्रियेच्या दिवसासाठी सिल्हेटी दुभाषी बुक करण्याची विनंती पाठवली.

एकटीने बोलण्याची ओळ पाहून काही जण बुजतात. घरच्यांवर अविश्वास दाखवायचा म्हणून ती लिहिलेली नाही. घरातला कर्ता मुलगा समोर असताना आई ‘तो म्हणेल तसं’ म्हणते, ही आपल्यालाही ओळखीची गोष्ट आहे. क्लिनिकचा हा नियमच आहे, सगळ्यांना काही मिनिटं एकटं भेटतो, असं सांगितलं की मुलगा सहसा हसत बाहेर जातो.

तपासा: नोंद वाचून, तिथे हजर नसलेली व्यक्ती त्याच दुभाष्याला शोधून काढू शकेल का? आणि पेशंटच्या तोंडचं किमान एक वाक्य अवतरणात आहे का? दोन्हींचं उत्तर हो असेल तर पुढे जा.

## 7. फॉर्मवरची दुभाष्याची सही

एनएचएसच्या कन्सेंट फॉर्म 1 वर दुभाष्यासाठी वेगळी चौकट असते. दुभाषी तिथे सही करून एवढंच म्हणतो की वरची माहिती मी पेशंटला माझ्या कुवतीप्रमाणे, तिला समजेल असं मला वाटतं अशा रीतीने सांगितली. त्या सहीचा अर्थ संमती योग्य होती असा नाही. पेशंटला समजलं याची हमी दुभाषी देत नाही. ते तपासणं तुमचं काम आहे.

इथे तीन चुका नेहमी दिसतात. पहिली, फॉर्म दुभाष्याच्या हातात देऊन ‘हे यांना वाचून दाखवा आणि सही घ्या’ म्हणत डॉक्टर पुढच्या खोलीत जातो. पेशंटने विचारलेल्या वैद्यकीय प्रश्नाला मग दुभाषी काय उत्तर देणार? तुम्ही तिथेच बसा. दुसरी, दुभाष्याची सही साक्षीदाराच्या चौकटीत घेतली जाते. ती चौकट पेशंटला स्वतः सही करता येत नसेल तेव्हा कामी येते. पेशंट अंगठा लावणार असेल तर साक्षीदार म्हणून दुसरी व्यक्ती, म्हणजे परिचारिका, घ्या. तिसरी, फोनवरच्या दुभाष्याची चौकट रिकामी सोडली जाते. ती रिकामी ठेवू नका. ‘फोनवरील दुभाषी, क्रमांक अमुक, विधान वाचून दाखवलं, त्यांनी तोंडी मान्य केलं, वेळ अमुक’ असं लिहा आणि स्वतःची सही करा. दुभाष्याच्या वतीने सही करू नका.

सावधान: इंग्रजी येत नाही म्हणून फॉर्म 4 काढू नका. तो निर्णयक्षमता नसलेल्या प्रौढांसाठी आहे. 2005 चा मेंटल कपॅसिटी ॲक्ट सांगतो की समजून घ्यायला मदत करण्याची सगळी व्यवहार्य पावलं उचलल्याशिवाय कुणाला निर्णयास असमर्थ ठरवता येत नाही. दुभाषी मिळाला नाही ही रुग्णालयाची उणीव आहे, पेशंटची नव्हे.

## 8. शस्त्रक्रियेच्या सकाळी

क्लिनिकमध्ये सगळं नीट होतं, आणि शस्त्रक्रियेच्या दिवशी सकाळी साडेसातला संमतीची खात्री करायला दुभाषीच नसतो. मग मुलाला विचारलं जातं, ‘आई तयार आहे ना?’ आणि खात्रीच्या चौकटीत सही होते.

त्या चर्चेलाही दुभाषी हवा, फोनवरचा चालेल. फार बोलायचं नसतं: अजूनही शस्त्रक्रिया हवी आहे का, मधल्या काळात काही बदललं का, काही प्रश्न आहेत का, आणि आज काय करणार ते तुमच्या शब्दांत सांगा. नोंदीत या दुसऱ्या दुभाष्याचा क्रमांक वेगळा लिहा. भुलीच्या डॉक्टरांची चर्चा त्याच फोनवर लगोलग करून घेतली तर पेशंटचा आणि सगळ्यांचा वेळ वाचतो. त्यांची नोंद मात्र त्यांनीच लिहायची.

## दुभाषी मिळालाच नाही, किंवा पेशंटला नकोच असेल तर

जीव धोक्यात असताना दुभाष्यासाठी उपचार थांबवायचे नाहीत. पण प्रयत्न लिहायचे: ‘02:10 ला फोन सेवेला संपर्क, सिल्हेटी उपलब्ध नाही, 02:20 ला पुन्हा, 02:25 ला बंगाली दुभाषी मिळाला, पेशंटला अर्धवट कळतं.’ नातेवाईकाची मदत घ्यावी लागली तर कोण, वय किती, नातं काय, आणि नेमकं काय विचारलं ते लिहा. लहान मुलांना या कामाला लावू नका. सकाळी योग्य दुभाषी मिळताच चर्चा पुन्हा करा आणि तिची वेगळी नोंद ठेवा.

पेशंट म्हणाली की मला माझा मुलगाच हवा, तर तिची इच्छा डावलायची नाही. मुलगा शेजारी बसू दे, पण दुभाषी खोलीत राहू दे. मुलाने सांगितलेलं नीट पोहोचतं आहे का हे दुभाष्याकडून कळतं. हा पर्याय तिला दुभाष्यामार्फत समजावला आणि तिने काय निवडलं, हे लिहा.

नोंदीत काही राहून गेलं असं दुसऱ्या दिवशी लक्षात आलं तर जुन्या ओळीत भर घालू नका. आजची तारीख आणि वेळ टाकून, ‘कालच्या चर्चेची पुरवणी’ असं म्हणून नवी नोंद करा, आणि हे आठवणीवरून लिहिलं आहे हेही लिहा. दुभाष्याचा क्रमांक राहिला असेल तर एजन्सीकडे तारीख आणि वेळ देऊन मागवा. जेवढ्या लवकर मागाल तेवढा तो मिळण्याची शक्यता जास्त.